मुलाखतीआधी पॅनेलच्या वेळा कशा जुळवायच्या?

प्रश्न: पॅनेलवर चार जण आहेत. उमेदवाराला वेळ कळवली की कोणीतरी ‘मला जमणार नाही’ म्हणतं. काय करावं?

उत्तर: ज्याचं कॅलेंडर सगळ्यात भरलेलं आहे त्याच्यापासून सुरुवात करा. भरतीची वेळापत्रकं लावताना मला दिसलंय की ‘कधी जमेल?’ असं चौघांना एकदम विचारलं की चार वेगळ्या याद्या हातात येतात आणि जुळत एकही नाही. समजा विभागप्रमुखांनी पुढच्या आठवड्यातले मंगळवार ११, बुधवार ४ आणि गुरुवार १० वाजता असे पर्याय दिले. बाकी तिघांना फक्त या तीन वेळांवर हो की नाही विचारा. बुधवार गळला, तर उरलेल्या दोन्ही वेळा चौघांच्या कॅलेंडरवर ‘तात्पुरतं राखीव, या शुक्रवारपर्यंत’ म्हणून अडवा आणि प्रत्येकाने ती नोंद स्वीकारली का ते बघा. नुसती मोकळी दिसणारी जागा म्हणजे होकार नव्हे. अनेक जण आपली कामं कॅलेंडरवर टाकतच नाहीत. या नोंदीत उमेदवाराचा ईमेल चुकूनही घालू नका, नाहीतर आमंत्रण थेट त्याच्याकडे जातं. उमेदवाराने एक वेळ निवडली की दुसरी त्याच दिवशी मोकळी करा. उमेदवार अनेक असतील तर मात्र तीच वेळ एकाच वेळी दोघांना देऊ नका.