टॅलीत न दिसणारे शेवटचे टप्पे

प्रश्न : मी म्हापशात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. टॅली येते. पण सीएच्या ऑफिसात मुलाखतीला गेले, तेव्हा ‘पहिल्या नोंदीपासून पोस्ट-क्लोजिंग ट्रायल बॅलन्सपर्यंत सांग’ म्हणाले आणि मी मध्येच अडले. तयारी कशी करू?

उत्तर : तू बहुधा समायोजनानंतर अडली असशील. टॅलीत नवं वर्ष लागलं की उत्पन्न-खर्चाची खाती आपोआप शून्यावर येतात, त्यामुळे क्लोजिंग एंट्री मुलांना दिसतच नाहीत. एक उदाहरण कागदावर सोडव.

कळंगुटला कुणीतरी 1 एप्रिलला 3,00,000 रुपये घालून स्कूटर भाड्याने द्यायचा धंदा काढला. 2,00,000च्या स्कूटर घेतल्या. वर्षभरात भाडं आलं 2,40,000, दुरुस्तीला गेले 40,000, घरखर्चाला उचलले 60,000. 1 जानेवारीला वर्षभराचा विमा भरला, 24,000. सगळे व्यवहार रोखीचे. प्रत्येक बिल किंवा पावतीवरून आधी जर्नलमध्ये नोंद, तिथून लेजरमध्ये पोस्टिंग, मग खात्यांच्या बाकींचा ट्रायल बॅलन्स. रोख उरते 2,16,000 आणि दोन्ही बाजूंची बेरीज 5,40,000.

आता 31 मार्चचं समायोजन. विम्याचे तीनच महिने सरले, म्हणून खर्च 6,000. उरलेले 18,000 आगाऊ भरलेला विमा, म्हणजे मालमत्ता. घसारा 40,000 धरू. स्कूटर 1,60,000वर येतात. पुन्हा ट्रायल बॅलन्स काढ. त्यावरून नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद होतो : 2,40,000तून 86,000 खर्च वजा जाता नफा 1,54,000.

त्यानंतर क्लोजिंग. भाडं आणि तिन्ही खर्च नफा-तोटा खात्यात नेऊन ती खाती शून्य करायची, मग नफा भांडवलात न्यायचा. उचल मात्र थेट भांडवलातून वजा होते. भांडवल झालं 3,94,000. पोस्ट-क्लोजिंग ट्रायल बॅलन्समध्ये डेबिटला फक्त रोख, स्कूटर आणि आगाऊ विमा उरतात, क्रेडिटला भांडवल, दोन्हीकडे 3,94,000. तिथे भाडं किंवा दुरुस्ती दिसली, तर ते खातं बंद करायचं राहिलंय.

मुलाखतीत पुढचा प्रश्न इथेच येऊ शकतो. उचल चुकून खर्च म्हणून नफा-तोटा खात्यात गेली, तर नफा 94,000च दिसतो. पण भांडवल तरीही 3,94,000 येतं आणि ट्रायल बॅलन्स जुळतो. विम्याचे 24,000 सगळेच खर्चात टाकले तरी तो जुळतोच, फक्त आकडा 3,76,000 होतो. म्हणून बेरीज जुळली तरी पेन खाली ठेवू नकोस. विम्याची पॉलिसी काढून तारखा बघ, उचलीचं खातं कुठे बंद केलं ते तपास. या दोन चुका मुद्दाम करून हेच उदाहरण पुन्हा सोडव आणि तो कागद पुढच्या मुलाखतीला सोबत ने.