‘रेडी ठेवा’ की ‘काढून ठेवाल का’?

प्रश्न : गावच्या जमिनीच्या कामासाठी साताऱ्याच्या चुलत काकांना घाईत मेसेज केला : “काका उद्या नाय जमत, ऑफिसात अर्जंट काम. परवा येतो १०ला. ७/१२ न आधारची झेरॉक्स रेडी ठेवा. ओके ना? कॉल करा”. काकांचं उत्तर आलं, “हुकूम मिळाला.” हे नीट मराठीत कसं लिहायचं? जुन्या पत्रांसारखं सा.न.वि.वि. घालू का?

उत्तर : काकांना खटकले ते ‘ठेवा’ आणि ‘करा’. ‘अर्जंट’, ‘झेरॉक्स’ हे शब्द त्यांच्याही तोंडी असणार, त्यावर रुसायचे कारण नाही. मराठीत अदब बहुतेक क्रियापदात असते. ‘ठेवा’ला आदरार्थी म्हटले तरी ती आज्ञाच. तिच्यामागे ‘प्लीज’ लावले तर आर्जव वाटते आणि ‘कृपया’ लावले तर थेट फलाटावरची सूचना होते. ‘ठेवाल का?’ असे भविष्यकाळात विचारले की नाही म्हणायची मुभा समोरच्याकडे राहते. ‘ठेवावी’ हे त्याहून औपचारिक. काकांना ते कचेरीच्या पत्रासारखे वाटेल. शिवाय ते वापरायचे तर कर्माकडे लक्ष हवे : उतारा काढून ठेवावा, झेरॉक्स काढून ठेवावी, कागदपत्रे काढून ठेवावीत. सगळीकडे सरसकट ‘ठेवावे’ लिहिणारे बरेच दिसतात.

‘कॉल करा’चे दुखणे व्याकरणाचे नाही. काम तुमचे, बेत बदललात तुम्ही, तर फोनही तुम्हीच करायला हवा. तिथे वाक्याचा कर्ताच बदला : ‘मी फोन करतो.’ ‘ओके ना?’ हेही त्या फोनवर विचारायचे. कारण त्या दोन शब्दांत होकार गृहीतच धरलेला आहे.

आता अर्थाचा घोळ, आणि तो रागापेक्षा महाग पडतो. ‘१०ला’ म्हणजे दहा वाजता की दहा तारखेला? बोलताना दोन्हीला आपण ‘दहाला’च म्हणतो. ‘परवा’ मागचाही असतो, पुढचाही; ‘येतो’मुळे इथे पुढचा ठरतो हे खरे, पण काकांनी मेसेज दुसऱ्या दिवशी उघडला तर उद्या आणि परवा दोन्ही एकेक दिवस पुढे सरकतात. म्हणून वाराचे नाव लिहावे. त्याच ओळीत ‘७/१२’ आहे. गाव नमुना सात आणि बारा यांवरून पडलेले हे नाव खेड्यापाड्यांत कुणालाही फोड करून सांगावे लागत नाही, पण ‘परवा’ आणि ‘१०ला’च्या शेजारी आकड्यांत लिहिले की क्षणभर सात डिसेंबर वाटते. अक्षरांत ‘सातबारा’ लिहा.

‘येतो’ मात्र राहू द्या. सभ्य दिसावे म्हणून त्याचे ‘येईन’ करण्याचा मोह होतो, पण ‘येईन’मध्ये जमलं तर बघू अशी छटा डोकावते. ‘येतो’ हा शब्द दिल्यासारखा आहे.

‘तुम्ही’चे ‘आपण’ करू नका. ‘आपण बुधवारी तलाठ्याकडे जाऊ’ यातल्या ‘आपण’मध्ये तुम्हीही असता. त्याच मेसेजात दुसऱ्या ‘आपण’ने एकट्या काकांना आदर दिलात, तर झेरॉक्स काढायची कुणी, हा प्रश्न उरतो. तोंडी जे म्हणता तेच लिहावे. एखाद्या घरात काकाला ‘अरे’ म्हणत असतील तर मेसेजातला ‘आपण’ टोमणा वाटायचा.

राहिले सा.न.वि.वि. म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. गंमत अशी की काकांची पिढी लघुरूपांतच वाढली : ती., चि., सौ., आणि शेवटी क.लो.अ., म्हणजे कळावे, लोभ असावा. त्यामुळे लघुरूपाचे त्यांना वावडे नसावे. अनोळखी लघुरूपाचे असेल. पण जुना मायना घालायचा तर नेमका घालावा लागतो. ‘तीर्थरूप’ स्वतःच्या आईवडिलांना, काकांना ‘तीर्थस्वरूप’. तीन ओळींच्या निरोपाला एवढे ओझे कशाला? ‘काका, नमस्कार’ पुरे.

क्रमही बदला. तुमच्याकडे नकार आधी, कारण मागून फरफटत. कारण आधी आले की नकार आपोआप मऊ होतो. मी असे लिहीन :

“काका, नमस्कार. ऑफिसात अचानक काम निघाल्यामुळे मला उद्या, मंगळवारी, साताऱ्याला येता येणार नाही. बुधवारी सकाळी दहा वाजेपर्यंत तुमच्याकडे येतो. सातबाऱ्याचा उतारा आणि तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी काढून ठेवाल का? बुधवार तुम्हाला सोयीचा आहे का, ते विचारायला आज रात्री आठनंतर फोन करतो. काकूंना नमस्कार सांगावा.”

यातला ‘तेवढी’ गाळू नका. ‘जास्त त्रास देत नाही, एवढंच’ हे सगळे तो एक शब्द सांगतो.