व्यापारी मेळाव्यात नव्या मुद्रकाने स्वतःची ओळख कशी करून द्यावी

मेळाव्यात ओळखीसाठी बहुधा एखादेच मिनिट मिळते आणि नवा मुद्रक ते यंत्रांची नावे सांगण्यात घालवतो; समोरच्या, नाशिकमधल्या सातपूरच्या कारखानदाराला किंवा द्राक्ष निर्यातदाराला मात्र कोणते काम, किती प्रतींपासून आणि किती दिवसांत होईल, एवढेच हवे असते. आपल्याकडे डिजिटल यंत्र असेल, तर असे बोलावे : ‘नमस्कार, मी अमुक. अंबडला माझा छपाईचा नवा व्यवसाय आहे. खोक्यांवरची लेबले आणि माहितीपत्रके मी शंभर प्रतींपासून छापतो आणि प्रूफ मंजूर झाल्यापासून दोन दिवसांत देतो. थोड्या प्रतींसाठी ज्यांचे काम अडते, त्यांना मला भेटायचे आहे.’

यातले ‘प्रूफ मंजूर झाल्यापासून’ हे शब्द कृपया गाळू नका, कारण मजकुराच्या दुरुस्त्या ग्राहकाकडेच रेंगाळतात आणि उशिराचा बोल मात्र छापखान्याला लागतो. शंभर प्रतींचा उल्लेखही हेतुपूर्वक आहे : ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च थोड्या प्रतींवर पडून दर चढतो, डिजिटलमध्ये प्लेटच लागत नाही. दर मात्र व्यासपीठावरून सांगू नये. कागद आणि लॅमिनेशन ठरल्याशिवाय तो नक्की होत नाही. त्याऐवजी छापलेल्या लेबलाचा नमुना हातात धरून बोलावे आणि नंतर तोच सभागृहात फिरवावा.