तलफ लागण्याआधी काय घडलं?

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. रोज किती चहा आणि किती सिगारेटी होतात, हे तू मोजलंस, पण नुसत्या आकड्यावरून फारसं कळणार नाही. आठवडाभर काहीही सोडू नकोस, फक्त लिही. टपरीकडे निघताना किंवा पेग भरताना मोबाइलमध्ये टिपून ठेव: किती वाजले, आत्ता काय चाललं होतं आणि मागची सिगारेट केव्हा ओढली होती.

शेवटची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही आणि आपण म्हणतो, आज फार ताण आहे. सिगारेट ओढल्यावर बरं वाटतं, पण त्यातली बरीचशी अस्वस्थता आधीच्या सिगारेटमुळेच आलेली असते. काम निवांत असलेल्या दिवशीही तेवढ्याच अंतराने पाय टपरीकडे वळत असतील, तर ती तलफ आहे.

माझ्या हाताखालच्या एका मुलानं अशा नोंदी ठेवल्या होत्या. संध्याकाळी सातला परदेशी क्लायंटचा कॉल, म्हणून साडेसहाला कडक चहा. रात्री झोप येत नाही, म्हणून अकराला दोन पेग. पहाटे तीनला जाग. सकाळी डोकं जड, म्हणून पुन्हा चहा आणि सिगारेट. तो दारूलाच दोष देत होता. पण चहातलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात, म्हणजे साडेसहाच्या चहाचा अंमल अकरालाही बराच शिल्लक असतो. दारूनं डोळा लवकर लागतो, पण ती उतरायला लागली की उत्तररात्रीची झोप मोडते. त्यानं आधी फक्त साडेसहाचा चहा बंद केला. पेग लगेच सुटले नाहीत, पण ‘झोपेसाठी घेतो’ हे कारण हळूहळू मागे पडलं.

सिगारेट सोडायची ठरवलीस तर चहाही निम्मा कर. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाचं कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं, छातीत धडधडतं आणि माणसाला वाटतं, सिगारेटशिवाय आपलं चालणारच नाही. अनेक जण इथेच पुन्हा पाकीट उघडतात. अडलं तर तंबाखूमुक्तीसाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे: १८००-११-२३५६.

दारूचं मात्र वेगळं. नोंदीत ती रोज आणि भरपूर दिसली, किंवा सकाळी न घेतल्यास हात थरथरत असतील, तर एकदम बंद करू नकोस. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना किंवा पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात नोंदी दाखव. एकट्यानं जायचं जड वाटलं तर मला सांग, मी बरोबर येईन.

तुझा,
काका