रजेच्या अर्जात परतीची तारीख लिहिताना

"मी सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. प्रसूती रजेचा अर्ज तीनदा लिहून फाडला. आधीच वॉर्डला माणसं कमी, त्यात मी निघाले, याची लाज वाटते. आणि परत येण्याची तारीख आत्ताच कशी लिहू? तेव्हा जमलं नाही तर मी खोटी ठरेन ना?"

रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रिया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा जवळजवळ याच शब्दांत ही काळजी मांडतात. त्यांतल्या एकीची हकीकत, तिची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, इथे सांगते.

तिने चौथा मसुदा सोबत आणला होता. दोन पाने भरून लिहिलेल्या त्या अर्जात क्षमायाचना तीन ठिकाणी होती, घरच्या अडचणी होत्या, "गरज पडल्यास केव्हाही फोन करावा" असे आश्वासन होते आणि "लवकरात लवकर रुजू होईन" असा शेवट होता. मेट्रनला ड्युटी रोस्टर लावण्यासाठी जे हवे असते, म्हणजे शेवटची ड्युटी कोणती, रजा कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत आणि हजर कधी होणार, त्यातले काहीच त्या दोन पानांत नव्हते. माझ्या अनुभवात अपराधी भावनेने लिहिलेल्या अर्जाचे हे हमखास लक्षण असते: त्यात लिहिणारीचे मन पुरेपूर दिसते, पण वाचणारीला कामाचे काही सापडत नाही.

मी विचारले, "नाइट ड्युटी संपवून निघताना वॉर्डमध्ये पेशंट असतातच. तेव्हा माफी मागता का?"

"नाही मॅडम. पुढच्या शिफ्टच्या सिस्टरला सगळं सोपवून ओव्हर देते आणि निघते."

"ओव्हर नीट दिली नाही तर?"

"तर मात्र चूक माझी."

तेवढ्या उत्तरावर आमचे निम्मे काम झाले. जाणे ही चूक नसून न सोपवता जाणे ही चूक आहे, हे ती रोज पाळत होती. फक्त चौदा आठवड्यांच्या रजेला तो नियम लावायचे तिला सुचले नव्हते. मग काय सोपवायचे याची यादी करायला बसलो, तर ती खाटांवरच्या रुग्णांची नावे लिहू लागली. मी तिला थांबवले, कारण रजा सुरू होईपर्यंत त्यांतले बहुतेक घरी गेलेले असणार आणि रुग्णांची ओव्हर प्रत्येक शिफ्टला होतेच. अर्जात यायला हवीत ती कामे, जी रोस्टरमध्ये लिहिलेली नसतात पण एका व्यक्तीच्या अंगवळणी पडलेली असतात. तिच्याकडे अशी तीन निघाली: क्रॅश कार्टची, म्हणजे तातडीच्या औषधा-साधनांच्या गाडीची तपासणी, स्टोअरकडे आठवड्याच्या सामानाची मागणी म्हणजे इंडेंट आणि नव्या विद्यार्थिनींना वॉर्डची ओळख करून देणे. नार्कोटिक्सच्या कपाटाची किल्ली तिने चौथी म्हणून लिहिली होती, पण ती प्रत्येक शिफ्टला साठा मोजून, दोघींच्या सह्या होऊनच हातात येते. ती योजनेत नव्याने सोपवण्याची गोष्ट नाही, हे तिचे तिनेच ओळखले आणि ती ओळ खोडली.

प्रत्येक कामापुढे कोण सांभाळू शकेल आणि कधीपर्यंत शिकवून होईल, एवढेच लिहायचे ठरले. सहकारी सिस्टर दोन आठवडे हिच्यासोबत कार्ट तपासेल, पुढचे दोन आठवडे तीच तपासेल आणि ही फक्त पाहील. हे सारे रजेच्या आदल्या दिवशी संपवून चालत नाही. प्रसूती वेळेआधी होऊ शकते, म्हणून सोपवणी रजेच्या किमान दोन आठवडे आधी पुरी व्हावी. नाव सुचवण्यापूर्वी त्या सिस्टरची संमती घ्यावी आणि अंतिम नेमणूक मेट्रनकडे राहू द्यावी, नाहीतर योजना चांगली असूनही वॉर्डमध्ये कुरबूर होते.

तारखेचा प्रश्न मात्र अधिक खोल होता, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. ती म्हणाली, "तारीख लिहिली की शब्द दिला. मग पाळायलाच हवा."

मी तिच्या मसुद्यातली दुसरी ओळ दाखवली. "ही तारीख तुम्ही सहज लिहिलीत. अपेक्षित प्रसूती २० जून. बाळ त्याच दिवशी येईल याची खात्री आहे?"

ती हसली. "छे. त्याच तारखेला फार थोडी बाळं येतात."

"मग हे खोटं लिहिलंत?"

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. नंतर म्हणाली, "म्हणजे परतीची तारीखही तशीच लिहायची. आज जे दिसतंय त्यावरून. बदलली तर कळवायचं."

मी ज्या विचारपद्धतीने काम करते, तिच्यात भावनेशी झगडण्याआधी तिच्यामागचा हट्ट शोधतात. इथे हट्ट होता खात्रीचा: जे आज कळू शकत नाही तेही आज कळलेच पाहिजे. तो हट्ट तिचा तिला दिसला याचे मला, खरे सांगायचे तर, आजही समाधान आहे. मी तो समजावून सांगितला असता तर ती मान डोलावून घरी गेली असती आणि पाचवा मसुदाही फाडला असता.

मग हिशेब केला. तिची रजा चौदा आठवड्यांची, म्हणजे ९८ दिवस. प्रसूतीच्या चार आठवडे आधी निघायचे, तर रजा २३ मेपासून. तो दिवस धरून मोजले की रजेचा शेवटचा दिवस २८ ऑगस्ट येतो आणि हजर होण्याचा दिवस २९ ऑगस्ट. या दोन तारखा एकच समजण्याची चूक वारंवार होते आणि रोस्टरमध्ये एक दिवस रिकामा राहतो. रजेचे आठवडे प्रत्येकीने आपल्या सेवानियमांतून पाहावेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात किमान चौदा आठवडे आहेत. बाळ उशिरा आले तर प्रसूतीपूर्व रजा तेवढीच वाढावी आणि नंतरच्या सक्तीच्या रजेला कात्री लागू नये, असेही त्यात आहे. पण तो करार सर्व देशांनी स्वीकारलेला नाही, म्हणून बाळ उशिरा आल्यास शेवटची तारीख सरकते का, हे कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

अखेर अर्जाचा गाभा असा झाला:

"माझी अपेक्षित प्रसूती २० जून रोजी असून वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. २३ मे ते २८ ऑगस्ट या काळात प्रसूती रजा मंजूर व्हावी. माझी शेवटची ड्युटी २२ मे रोजी असेल व २९ ऑगस्ट रोजी रुजू होण्याचा माझा मानस आहे. प्रसूतीची प्रत्यक्ष तारीख सात दिवसांत कळवीन आणि रुजू होण्याची तारीख त्याआधी चार आठवडे पुन्हा निश्चित करीन. माझ्याकडील कामांची सोपवणी योजना सोबत जोडली असून ती ९ मेपर्यंत पूर्ण होईल."

"केव्हाही फोन करावा" ही ओळ तिनेच काढली. तिच्याऐवजी योजनेच्या तळाशी कार्टची यादी आणि इंडेंटची वही कुठे ठेवली आहे, हे लिहिले. परतल्यावर नाइट ड्युटी नको आणि स्तनपानासाठी वेळ हवा, हेही तिला याच अर्जात घालायचे होते. मी ते वेगळ्या अर्जासाठी राखून ठेवायला सांगितले, कारण रजा हा तिचा हक्क होता आणि ड्युटीच्या वेळा ही विनंती होती. दोन्ही एका कागदावर आले की मंजुरी विनंतीपाशी अडते. तो दुसरा अर्ज तिने तारीख पक्की कळवण्याच्या पत्रासोबत द्यायचे ठरवले, आणि पहिल्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेऊन ती आपल्या फाइलला लावली.