‘लो-रँक’ला निम्नश्रेणी म्हणावं का?

प्रश्न : मी सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे. आमच्या प्रोजेक्टचा अहवाल मराठीत लिहायचाय. त्यात एकाने भाषेच्या एआय मॉडेलला नवं काम शिकवायच्या ‘लो-रँक अॅडाप्टेशन’ या पद्धतीचं ‘निम्नश्रेणी अनुकूलन’ केलंय. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. यात निम्न नक्की काय आहे? आणि ‘रँक ८’ म्हणजे आठवा क्रमांक का?

उत्तर : खटकतंय ते बरोबरच आहे. ‘श्रेणी’ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे परीक्षेतला वर्ग किंवा नोकरीतला दर्जा येतो आणि ‘निम्नश्रेणी’ म्हटलं की थेट लिपिक. इथल्या रँकचा दर्जाशी किंवा क्रमांकाशी संबंध नाही. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीत, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या ओळी किती, ती संख्या म्हणजे रँक. ‘रँक ८’ ही मोजदाद आहे.

हातानेच करून बघा. तीन ओळी लिहा : २, ४, ६. खाली १, २, ३. त्याखाली ३, ६, ९. दिसायला नऊ आकडे आहेत. पण पहिली ओळ म्हणजे दुसरीची दुप्पट आणि तिसरी म्हणजे दुसरीची तिप्पट. स्वतंत्र ओळ एकच, म्हणून या मॅट्रिक्सची रँक १. ती कुणाला कळवायची तर नऊ आकडे पाठवायची गरज नाही. ‘१, २, ३’ ही आडवी ओळ आणि ‘२, १, ३’ हे उभे गुणक दिले की काम झालं. तीन बाय तीनमध्ये नवाचे सहा झाले, एवढीच बचत. मांडणी हजारो बाय हजारोंची असली की ही बचत प्रचंड होते, आणि तुमच्या प्रोजेक्टमधली सगळी करामत तिथेच आहे.

सोलापूरकराला हे कापडावरून लगेच कळेल. साधं चौकड्याचं कापड विणायचं असेल तर उभ्या धाग्यांचे रंग आणि आडव्या धाग्यांचे रंग, अशा दोन याद्या पुरतात. कुठल्याही ठिकाणी काय रंग दिसेल ते त्या दोन याद्यांवरून ठरतं. पण जॅकार्डवर मोर काढलेली चादर विणायची तर कुठला उभा धागा कधी उचलायचा, हे प्रत्येक ओळीसाठी वेगळं सांगावं लागतं. त्यासाठीच तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची ती लांबलचक माळ असायची. रँक १ची मॅट्रिक्स चौकड्यासारखी असते, फरक इतकाच की इथे उभ्या-आडव्या आकड्यांचा गुणाकार होतो. रँक ८ म्हणजे असे आठ वेगवेगळे चौकडे एकावर एक मिळवलेले.

आता निम्न काय आहे, किंवा साध्या शब्दांत, कमी काय आहे? मॉडेल कमी प्रतीचं नाही आणि त्याच्या मूळ मॅट्रिक्सची रँकही कोणी कमी करत नाही. मूळ आकडे जसेच्या तसे गोठवून ठेवतात. शिकवताना त्यांच्यात जो *बदल* करायचा, तो वेगळा लिहितात, आणि त्या बदलाची रँक कमी ठेवतात. २०२१ साली मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी ही पद्धत मांडली. सूत्र एका ओळीचं आहे :

```
W' = W + (alpha / r) * B * A
```

`W` म्हणजे गोठवलेली मूळ मॅट्रिक्स आणि `alpha` म्हणजे बदलाचा जोर ठरवणारा, आपण निवडायचा आकडा. `B` उंच आणि अरुंद, `A` बुटकी आणि रुंद, आणि `r` म्हणजे `B`ची रुंदी, तीच `A`ची उंची. गुणाकार केला की `W` एवढीच मोठी मॅट्रिक्स तयार होते, पण तिची रँक `r`च्या वर जाऊच शकत नाही. शिकतात फक्त `A` आणि `B`.

बदल एवढा साधा असून कसा भागतो, हा प्रश्न इथे पडायला हवा. २०२०मध्येच असं दिसून आलं होतं की आधीच भरपूर मजकुरावर तयार झालेल्या मॉडेलला नेमकं एखादं काम शिकवायचं, तर त्याचे सगळे आकडे हलवावे लागत नाहीत. थोड्याच दिशांनी ढकललं तरी बरंचसं काम होतं. भाषा त्याला येत असते, तुम्ही फक्त वळण लावत असता. २०२१च्या त्या शोधनिबंधात काही कामांसाठी रँक १सुद्धा पुरेशी ठरली होती.

माझा भाचा आणि त्याचे मित्र एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी जे करत होते, त्याचाच हिशोब मांडतो. कारखान्याला व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी येतात : ‘३० बाय ६० टर्किश ५ डझन कलर मिक्स, सिंगल चादर २ गाठी, मागच्यासारखंच’. मराठीत मध्येच कन्नड किंवा तेलुगू शब्द असतो. यातून वस्तू, माप, नग आणि रंग असे चार रकाने भरून हवे होते. त्यांनी ‘लामा २’चं सात अब्जवालं मॉडेल घेतलं. त्यात ३२ थर आहेत आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणाऱ्या मॅट्रिक्स ४०९६ बाय ४०९६च्या आहेत. अशा एकीत १,६७,७७,२१६ आकडे. रँक ८ ठेवली तर `A` आणि `B` मिळून ८ × (४०९६ + ४०९६), म्हणजे ६५,५३६. एकास दोनशे छप्पन्न! प्रत्येक थरातल्या दोनच मॅट्रिक्सना ही जोडणी द्यायचं त्यांनी ठरवलं :

```
LoraConfig(
    r=8,
    lora_alpha=16,
    target_modules=["q_proj", "v_proj"],
    task_type="CAUSAL_LM",
)
```

३२ थर, थरात दोन, म्हणजे ६४ वेळा ६५,५३६. पडद्यावर हेच उमटतं :

```
trainable params: 4,194,304 || all params: 6,742,609,920 || trainable%: 0.0622
```

साडेसहाशे कोटींहून जास्त आकड्यांपैकी शिकणारे बेचाळीस लाख. सोळा बिटांत साठवले तर फाइल साधारण ८ एमबीची, ईमेलला सहज जोडता येईल अशी. पण खरी सुटका शिकवतानाच्या मेमरीत होते. अॅडम नावाची नेहमीची पद्धत शिकणाऱ्या प्रत्येक आकड्यामागे आणखी दोन सरासऱ्या बाळगते. सगळं मॉडेल शिकवायचं तर नुसत्या या सरासऱ्यांनाच बत्तीस बिटांत सुमारे ५४ जीबी लागतात. रँक ८च्या जोडणीला त्याच सरासऱ्यांसाठी ३४ एमबीच्या आसपास पुरतात.

मात्र अहवालात ‘मॉडेल लहान होतं’ असं लिहू नका. सोळा बिटांतलं मूळ मॉडेल साडेतेरा जीबीचं आहे, ते ग्राफिक्स कार्डावर पूर्ण चढवावंच लागतं. उत्तर किती चुकलं त्याचा हिशोब मागे नेताना गोठवलेल्या थरांमधूनही जावं लागतं, त्यामुळे मधल्या आकडेमोडीची जागाही लागतेच. मूळ मॉडेल चार बिटांत दाबून त्यावर अशी जोडणी शिकवणं ही २०२३ची पुढची पायरी. ‘क्यूलोरा’ म्हणतात ती वेगळी गोष्ट, तिचा उल्लेख वेगळा करा.

‘रँक’ शब्दाचा अर्थ चुकीचा घेतला की काम कसं फसतं, तेही याच मुलांकडे पाहायला मिळालं. निकाल अजून सुधारावा म्हणून त्यांनी `r` ८ची ६४ केली आणि बाकी काहीच बदललं नाही. निकाल घसरला. रँक वाढली की दर्जा वाढतो आणि तो वाढला नाही म्हणजे पद्धतच कुचकामी, असा निष्कर्ष निघायला लागला. वरचं सूत्र पुन्हा बघा. अल्फा १६ आणि रँक ८ असताना गुणक २ होता. रँक ६४ केल्यावर तो पाव झाला. बदलाला जागा जास्त मिळाली, पण त्याचा जोर आठपट कमी झाला. अल्फा १२८ केल्यावर गुणक परत २ झाला आणि दोन्हींची तुलना करण्यात अर्थ आला. निकाल जवळजवळ सारखेच आले. याचा अर्थ या कामाला रँक ८ पुरत होती आणि अडचण उदाहरणांची होती. ‘मागच्यासारखंच’ म्हटल्यावर मागचं काय होतं, हे उदाहरणांत कुठेच दिलेलं नव्हतं. ते रँक कितीही वाढवली तरी आलं नसतं.

शिकवायला सुरुवात करण्याआधीची एक तपासणीही त्यांना सांगितली होती, ती तुम्हीही करा. `A` सुरुवातीला यादृच्छिक आकड्यांनी भरतात आणि `B` पूर्ण शून्याने. म्हणजे शिकवण्याआधी जोडणी लावून आणि काढून, दोन्ही वेळा मॉडेलचं उत्तर एकसारखं यायला हवं. वेगळं आलं तर कुठेतरी गडबड आहे. आणि दोन्ही शून्य ठेवायचं कुणाच्या मनात आलं तर थांबवा. `B`ला सुधारणा `A`मधून मिळते आणि `A`ला `B`मधून. दोन्ही शून्य असतील तर चूक दाखवणारा आलेख सपाट राहतो आणि काहीच शिकलं जात नाही. शिकण्याचा दरही पूर्ण मॉडेलला वापरतात त्याच्या साधारण दहापट लागतो. तो जुनाच ठेवला तरी आलेख खाली उतरता उतरत नाही.

मर्यादाही नावातच आहे. चार रकाने भरायला शिकवणं हा साधा बदल झाला. पण मॉडेलला फारशी न येणारी अख्खी बोली भरपूर मजकुरावरून नव्याने शिकवायची, सोलापुरातली मराठी-तेलुगू-कन्नड सरमिसळ पुरती मुरवायची, तर बदल चौकड्यात मावत नाही, तिथे मोर लागतो. तेव्हा दोन मॅट्रिक्सऐवजी थरातल्या सगळ्या मोठ्या मॅट्रिक्सना जोडणी द्यावी लागते, रँक चढवावी लागते, आणि तरीही पूर्ण शिकवणीच्या मागे राहायची शक्यता असते. ओळखायचं असं : गुणक तोच ठेवून रँक वाढवली की शिकवणीच्या मजकुरावरची चूक ठळकपणे उतरत असेल, तर आधीची रँक अपुरी होती. तसं होत नसेल तर उदाहरणांकडे वळा.

आता अहवालातल्या शब्दांचं. ‘रँक’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘स्वतंत्र ओळींची संख्या’ असा खुलासा द्या. ‘निम्न’ऐवजी ‘कमी’ लिहा, कारण आपण संख्येबद्दल बोलतोय. ‘अनुकूलन’ मला इथे पटत नाही. जीवशास्त्रात ते सजीव स्वतः बदलण्याबद्दल येतं, आणि इथे तर मूळ मॉडेल तसूभरही बदलत नाही. शिकून तयार झालेल्या त्या फाइलला मी ‘पुरवणी’ म्हणेन. उत्तरपत्रिकेला जोडतात तशी ती वेगळी असते, काढता येते, आणि एकाच मॉडेलला वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी लावता येते. कायम ठेवायची असेल तर गुणाकार करून मूळ आकड्यांत मिळवूनही टाकता येते. तसं केल्यावर वापरताना वेळ जास्त लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. म्हणून ‘कमी रँकची पुरवणी’.

‘लोरा’ हे संक्षिप्त रूप वापरणार असाल तर एक काळजी घ्या. शेतातल्या ओलाव्याचे सेन्सर दूरवर संदेश पाठवायला जे रेडिओ तंत्र वापरतात, तेही लोराच. रोमन लिपीत `LoRa` आणि `LoRA` असा शेवटच्या अक्षराचा फरक दिसतो, देवनागरीत तो पुसला जातो. तुमच्याच कॉलेजात कुणीतरी डाळिंबाच्या बागेवर त्या लोराचा प्रोजेक्ट करत असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा पहिल्या उल्लेखात रोमन अक्षरं जरूर द्या. तुमच्या अहवालातलं वाक्य मी असं लिहीन : ‘मूळ मॉडेल गोठवून, निवडलेल्या मॅट्रिक्सना रँक ८ची पुरवणी (`LoRA`) जोडली, अल्फा १६, शिकणारे आकडे एकूण आकड्यांच्या ०.०६ टक्के.’ रँकसोबत अल्फा आणि कुठल्या मॅट्रिक्स ते लिहायचं विसरू नका. नुसत्या ‘रँक ८’वरून दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही.