आठ पंचेचाळीस म्हणजे ८.४५ नव्हे

"मुलगा लोअर परळच्या एका ऑफिसात तासावर डेटा एन्ट्री करतो. नेमणूकपत्रात ताशी १२० रुपये लिहिलेत. गेल्या आठवड्यात सहाही दिवस त्याने ८ तास ४५ मिनिटं काम केलं. स्लिपवर ६,०८४ रुपये आहेत. त्याला कमी वाटतात. कसं तपासायचं?" – एक आई, भांडुप

ताई, मुलाची शंका बरोबर आहे. आधी ६,०८४ ला १२० ने भागा. ५०.७ येतात आणि त्याला सहाने भागलं की ८.४५. म्हणजे टाइमशीट भरणाऱ्याने "८ तास ४५ मिनिटं" सरळ ८.४५ असं टाकलं. पण तासाला ६० मिनिटं असतात, त्यामुळे ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, ०.७५. रोजचे तास ८.७५ आणि आठवड्याचे ५२.५ होतात. एवढ्यानेच १.८ तास, म्हणजे २१६ रुपये गेले. पगारपत्रकात ही चूक फार आढळते आणि ती बहुतेक कामगाराच्याच अंगावर येते.

दुसरी चूक याहून मोठी आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. इथे सगळे तास एकाच दराने धरलेत. खरा हिशेब असा: ४८ तासांचे ५,७६० आणि वरच्या साडेचार तासांचे २४० दराने १,०८०, एकूण ६,८४०. म्हणजे ७५६ रुपये कमी दिलेत. करारात "ओव्हरटाइम साध्या दराने" असं लिहिलेलं असलं, तरी कायद्यापेक्षा कमी देता येत नाही.

मात्र मागणी करण्याआधी मुलाला विचारा, त्या पावणेनऊ तासांत जेवणाची सुट्टी धरली आहे का? विश्रांतीचा वेळ कामाच्या तासांत येत नाही. रोज अर्धा तास वजा केला तर ४९.५ तास उरतात आणि रक्कम ६,१२० होते. फरक मग ३६ रुपयांचाच राहतो, म्हणून हे आधी नक्की करा. तुलना पीएफ वगैरे कापण्याआधीच्या रकमेशी करा, हातात आलेल्या रकमेशी नको.

एक्सेलमध्ये जोडायचं असेल तर 8:45 अशीच वेळ टाका आणि बेरजेच्या रकान्याला `[h]:mm` हे फॉरमॅट द्या, नाहीतर 52:30 ऐवजी 4:30 दिसेल. पैसे काढताना बेरजेला २४ ने गुणून मग दराने गुणा.

हा कायदा व्यवस्थापकीय पदांना लागू नाही आणि अगदी कमी कामगार असलेल्या आस्थापनेला पूर्ण लागू होत नाही. डेटा एन्ट्री व्यवस्थापकीय काम नाही, त्यामुळे ऑफिसात किती माणसं आहेत तेवढं पाहा.

मग मुलाने एचआरला ईमेलच करावा, तोंडी बोलू नये. रोजचे तास, भागाकार, ७५६ चा हिशेब आणि टाइमशीटची प्रत त्यात द्यावी. आधीच्या स्लिपाही याच पद्धतीने पाहाव्यात, कारण ही चूक दर आठवड्याला होत असणार. उत्तर आलं नाही तर महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे त्याच कागदांनिशी तक्रार करता येते.